शरीरताल (शालेय लयपाठ)

शरीरताल : टाळी, चुटकी, मांडीवरची थाप आणि पायाचा ठोका यांतून लय शिकवण्याची वर्गपद्धती. संगीतशिक्षकांत ‘बॉडी पर्कशन’ हे नाव अधिक रूढ.

उगमाबद्दल मतभेद आहेत. काही जण तो एमिल झाक-दालक्रोझ यांच्या विसाव्या शतकारंभीच्या जिनिव्हातील लयशिक्षणात पाहतात. परंतु तेथे भर चालण्यावर आणि हालचालींवर होता. वरील चार आवाजांना वर्गातले वाद्य मानण्याचे श्रेय कार्ल ओर्फ आणि गुनिल्ड केटमान यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. त्यांचे काम म्यूनिकच्या ग्युंटर शाळेत (स्थापना १९२४) आकाराला आले, तर मुलांसाठीचे पाच खंड १९५० ते १९५४ दरम्यान निघाले. भारतात नाट्यशास्त्राने (काल साधारणतः इ. स. पू. २०० ते इ. स. २००, मतभेद आहेत) हाताच्या क्रियांचे सशब्द आणि निःशब्द असे भेद केले. दोन्ही परंपरा स्वतंत्र मानणेच बरे. मात्र पुढील पाठाचा कणा हीच निःशब्द क्रिया आहे.

पाचवीच्या वर्गासाठी आठ मात्रांचा केरवा ताल सोयीचा. मुले आधी ‘धा गे ना ति, न क धि न’ तोंडाने म्हणतात. लय मिनिटाला साधारण साठ मात्रा. मग तीन गट पडतात. पहिला गट फक्त समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, पाय आपटतो. दुसरा १, ३ व ७ या मात्रांना मांडीवर थाप देतो. तिसरा पाचवी सोडून सातही मात्रा वाजवतो : १ व २ मांडीवर, ३ व ४ टाळी, ६ मांडीवर, ७ व ८ चुटकी. पाचव्या मात्रेला, म्हणजे तालाच्या ‘खाली’ या रिकाम्या जागी, सगळेच तळवा उघडून दाखवतात आणि वर्ग शांत होतो. (तबल्यावर खालीला असे मौन नसते, तेथे बायाची घुमार थांबते, मौन ही पाठापुरती योजना.)

काम वेगळे असले तरी आवर्तन एकच राहते, म्हणून पहिला गट ‘कच्च्यांचा’ ठरत नाही. सम त्याच्याच हाती असते. चुटकी न वाजणारे मूल दोन बोटे तळव्यावर मारते. चाकाच्या खुर्चीतले मूल पायाऐवजी खुर्चीच्या हातावर थाप देते. ऐकू कमी येणाऱ्या मुलाला लाकडी फळीवर पायाचा ठोका जाणवतो. शहाबादी फरशीवर तो फारसा जाणवत नाही, तेव्हा समोरच्या गटाचा उघडा तळवा हीच खूण.

बहुधा बिघडते ते मौनच. मुले पाचवी मात्रा गिळतात, सहावी लवकर येते आणि दर आवर्तनात सम थोडी अलीकडे सरकते. अशा वेळी शिक्षकाच्या संथ मोजणीआधीच पाय पडू लागतो. टाळ्या थांबवून फक्त तळवा पूर्ण मात्राभर हळू उघडायला लावला, की अंतर परत भरते. आठ आवर्तने न घसरता झाल्यावरच लय ऐंशीवर न्यावी. चुटकीचा आवाज मोठ्या वर्गात विरतो, म्हणून तिसरा गट पुढे बसवतात.