किलो, न्यूटन आणि दशांशचिन्ह : यंत्रपुस्तिकांच्या भाषांतरातील एककांची पार्श्वभूमी

एखाद्या हायड्रॉलिक पंपाची मराठी पुस्तिका उघडली, तर बोल्टचा टॉर्क एका पानावर न्यूटन-मीटरमध्ये आणि दुसऱ्यावर ‘किग्रॅ-मी’मध्ये दिलेला आढळतो. दाब तर बार, पीएसआय आणि ‘किलो’ अशा तिन्ही रूपांत भेटतो. ही सरमिसळ बहुधा भाषांतरकाराने केलेली नसते. पुस्तिकेची मूळ आवृत्ती वेळोवेळी सुधारली जाते, पण जुने तक्ते तसेच पुढे येतात.

ब्रिटिश यंत्रांबरोबर फूट-पौंड आणि पीएसआय आले. १९५६ च्या कायद्याने भारतात दशमान पद्धत आणली, तरी तेव्हा जगभरच्या कारखान्यांत रूढ असलेल्या दशमान पद्धतीत बलाचे व्यवहारातील एकक न्यूटन नव्हते, तर किलोग्रॅमच होते. वजन आणि वस्तुमान यांतला फरक आंतरराष्ट्रीय परिषदेने १९०१ मध्येच स्पष्ट केला होता आणि गुरुत्वत्वरणाचे प्रमाण मूल्य ९.८०६६५ असे ठरवले होते. न्यूटन हे नाव १९४८ मध्ये, एसआय पद्धत १९६० मध्ये आणि पास्कल हे नाव १९७१ मध्ये मान्य झाले. जपानमध्ये किलोग्रॅम-बलाचा वापर कायद्याने १९९९ पर्यंत चालला. त्यामुळे विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत छापलेल्या असंख्य पुस्तिकांत kgf हेच एकक आहे, आणि अनेकदा त्यातला f छापलेलाही नाही.

खरा गुंता इथेच आहे. कारखान्यात ‘पाच किलो प्रेशर’ म्हटले की दर चौरस सेंटिमीटरला पाच किलोग्रॅम-बल हे सर्वांना कळते, आणि बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. पुस्तिकेत मात्र ‘५ किग्रॅ’ एवढेच लिहिले, तर ते वजन, बल की दाब हे वाचणाऱ्याला संदर्भावरून ठरवावे लागते. यावर दोन मते आहेत. एक पक्ष ‘किलोग्रॅम-बल’ असे पूर्ण मराठी रूप वापरावे असे म्हणतो. दुसरा पक्ष चिन्ह मूळ लिपीतच, kgf असे ठेवावे असे म्हणतो. माझा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे, कारण दाबमापकाच्या तबकडीवर आणि टॉर्क रेंचवर तेच चिन्ह कोरलेले असते. शिवाय मराठी संक्षेपांत टिंबे येतात. ‘२.४ कि.ग्रॅ.मी.’ या मजकुरात पहिले टिंब दशांशाचे आणि बाकीची संक्षेपाची, आणि हे ओळखण्याचे काम तेलकट हातांनी पुस्तिका धरलेल्या माणसावर येते.

याच गुंत्यातून आलेली एक चूक आजही सर्रास दिसते. दाबाचे एकक भागाकाराचे असते, म्हणून kg/cm² चे ‘किग्रॅ प्रति चौरस सेंमी’ हे भाषांतर बरोबर आहे. टॉर्कचे एकक गुणाकाराचे असते. kg-m मधील आडवी रेघ ‘प्रति’ समजली गेली की ‘न्यूटन प्रति मीटर’ किंवा ‘किग्रॅ प्रति मीटर’ असे रूप तयार होते. ते एकक अस्तित्वात आहे, पण स्प्रिंगच्या ताठपणाचे! आकडा बरोबर असल्यामुळे तपासणीत ही चूक सहसा सुटते.

आकड्यांचा वाद वेगळ्या वाटेने आला. १९४८ च्या परिषदेने दशांशचिन्ह म्हणून टिंब आणि स्वल्पविराम हे दोन्ही चालतील, आणि तीन-तीन अंकांचे गट करायचे असल्यास त्यांच्यामध्ये दोन्हींपैकी काहीही घालू नये, असे ठरवले. २००३ मध्ये ते पुन्हा मांडले गेले. जर्मन आणि इटालियन पुस्तिकांत दशांशासाठी स्वल्पविराम असतो, आपल्याकडे तोच हजार-लाख वेगळे करतो. मराठी भाषांतर बहुतेक वेळा मूळ भाषेवरून न होता मधल्या इंग्रजी प्रतीवरून होते, आणि ती प्रत नेमकी कोणत्या पद्धतीची हे तिच्यावर लिहिलेले नसते.

इटालियन पंपाच्या झाकणाचा एम-८ बोल्ट घ्या. मूळ तक्त्यात 2,4 kgm असे आहे. हे २.४ किलोग्रॅम-बल-मीटर, म्हणजे सुमारे २३.५ न्यूटन-मीटर. कोणी स्वल्पविराम निरर्थक समजून काढून टाकला, तर २४ उरतात आणि रूपांतर २३५ न्यूटन-मीटर निघते. ८.८ दर्जाच्या एम-८ बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर लागतात, आणि २३५ हा एम-१६ च्या आसपासचा आकडा आहे. बोल्ट त्याआधीच तुटेल. म्हणून टॉर्कचा तक्ता भाषांतरित करताना शेजारचा बोल्टचा आकार वाचणे हीच पहिली तपासणी ठरते. मूळ तक्त्यात फूट-पौंडाचा स्तंभ असेल, तर दुसरीही तपासणी मिळते : १७.४ ला ७.२३ ने भागले की २.४ येतात, २४ नव्हे.

१९९० नंतर भाषांतर संगणकावर आले आणि अंकांच्या लिपीचा प्रश्न पुढे आला. २००९ च्या मोजमाप कायद्यात संख्यांकनासाठी भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप धरले आहे. उलट संगणकीय प्रणालींच्या सामायिक नियमांत मराठीसाठी देवनागरी अंक हे मूळ गृहीत आहेत आणि गट लाखाच्या पद्धतीने पडतात. म्हणून यंत्राच्या पडद्यावर 250000 Pa असताना पुस्तिकेत आपोआप २,५०,००० उमटू शकते. वैचारिक मजकुरात देवनागरी अंक शोभतात, पण जो आकडा वाचून पाना फिरवायचा आहे, तो मापकावर दिसतो तसाच छापावा. घाईत पाहिलेला १ हा 9 सारखा आणि ४ हा 8 सारखा वाटतो. एकाच तक्त्यात दोन्ही लिप्या येणे हे सर्वांत वाईट.

रूपांतर करायचेच असेल, तर मूळ आकडा कंसात ठेवावा आणि मर्यादेचे आकडे सुरक्षित बाजूला वळवावेत. रिलीफ व्हॉल्व्हची कमाल मर्यादा 8 kgf/cm² असेल, तर ती ७.८४५ बार होते. तिथे पूर्णांकात ‘८ बार’ लिहिले, तर मर्यादा दोन टक्क्यांनी वाढवली जाते; ७.८ बार लिहावे. ७८४.५३२ किलोपास्कल असे लिहिणेही चुकीचे, कारण मूळ ‘8’ मध्ये तेवढी अचूकता नव्हती.

प्रवाहाच्या बाबतीत मोठी अडचण गॅलनची. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा आणि अमेरिकी ३.७८५ लिटरचा असतो, आणि पुस्तिकेत नुसते gpm लिहिलेले असते. अशा वेळी पंपाच्या विस्थापनावरून निर्णय करता येतो. दर फेऱ्याला २६ घन सेंमी देणारा पंप मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर सैद्धांतिकदृष्ट्या ३९ लिटर देतो. तक्त्यात 10 gpm असेल, तर अमेरिकी गॅलनने ३७.९ लिटर येतात, ते गळती धरून पटते. ब्रिटिश गॅलनने ४५.५ येतात, जे त्या पंपाला देताच येणार नाहीत. भाषांतरात ‘लि./मि.’ असा संक्षेपही टाळावा, कारण ‘मि.’ हा मिनिटाचा की ‘मिलि’चा हे कळत नाही; L/min हे चिन्ह किंवा ‘लिटर प्रति मिनिट’ हे पूर्ण रूप, दोन्ही चालतात.