मेल लोकलला ओलांडते तेव्हा नेमका किती वेळ लागतो?

मध्य रेल्वेवर धीम्या लोकलचे रूळ आणि जलद गाड्यांचे रूळ बऱ्याच अंतरापर्यंत एकमेकांना समांतर धावतात. धीमी लोकल वेगात असतानाच मागून लांब पल्ल्याची मेल येते, इंजिन खिडकीसमोर दिसतं आणि मग डब्यांमागून डबे पुढे सरकत राहतात. मेल ताशी 90 किलोमीटरने धावत असली, तरी ती लोकलच्या खिडकीतून संथच वाटते. या संथपणातच ओलांडण्याच्या वेळेचा सगळा हिशोब आहे.

आधी आकडे ठरवू. बारा डब्यांची लोकल साधारण 260 मीटर लांब असते. मेलला 22 एलएचबी डबे आणि एक इंजिन आहे असं धरू. एक डबा जोडणीसकट सुमारे 24 मीटरचा, म्हणजे डब्यांचे 528 मीटर आणि इंजिनाचे वीसेक, मिळून साधारण 550 मीटर. लोकलचा वेग ताशी 54 किलोमीटर, मेलचा 90.

लांबी मीटरमध्ये आहे, तर वेगही सेकंदाला मीटरमध्ये हवा. ताशी किलोमीटरला 5 ने गुणून 18 ने भागलं की तो मिळतो: लोकल सेकंदाला 15 मीटर, मेल 25 मीटर. उत्तरं चुकतात ती बरेचदा इथेच. कोणी रूपांतर करायचं विसरतं, तर कोणी 18 ने गुणून 5 ने भागतं. पडताळणी सोपी आहे. सेकंदाला मीटरमधला आकडा ताशी किलोमीटरच्या आकड्यापेक्षा नेहमी लहान, चौथ्या हिश्शाहून थोडा जास्त यायला हवा.

आता लोकल जणू उभीच आहे अशी कल्पना करा. लोकलमधल्या माणसाला तसंही आपलं बाक, आपली खिडकी हललेली दिसत नाही. त्याच्या दृष्टीने मेल दर सेकंदाला 25 वजा 15, म्हणजे फक्त 10 मीटर पुढे सरकते. हा मेलचा लोकलच्या संदर्भातला सापेक्ष वेग. दोन्ही गाड्या एकाच दिशेने जात असल्याने इथे वजाबाकी आहे. मेल समोरून आली असती तर बेरीज करावी लागली असती.

ओलांडणं सुरू कधी झालं म्हणायचं? मेलच्या इंजिनाचं नाक लोकलच्या मागच्या टोकाशी आलं की. आणि संपलं कधी? मेलचा शेवटचा डबा लोकलच्या पुढच्या टोकाच्या पार गेला की. या दोन क्षणांमध्ये इंजिनाच्या नाकाला आधी लोकलची सगळी लांबी मागे टाकावी लागते, 260 मीटर. पण तेव्हा मेलची शेपटी अजून मागेच असते. ती पार व्हायला नाकाला आणखी 550 मीटर पुढे जावं लागतं. म्हणून एकूण 810 मीटर, आणि सेकंदाला 10 मीटरने त्याला 81 सेकंद लागतात.

हेच उत्तर जमिनीवरून ताडून पाहता येतं. 81 सेकंदांत मेल रुळावर 2025 मीटर जाते आणि लोकल 1215 मीटर. फरक बरोबर 810. सापेक्ष वेगाची रीत वेगळं उत्तर देत नाही, दोन हलत्या गोष्टींपैकी एक थांबवून हिशोब अर्धा करते, एवढंच. मेल समोरून आली असती, तर सापेक्ष वेग 40 मीटर झाला असता आणि तेच 810 मीटर जेमतेम 20 सेकंदांत संपले असते.

मात्र 81 सेकंद हा काळ दोन अख्ख्या गाड्यांचा आहे, त्यातल्या प्रवाशांचा नाही. लोकलच्या एका खिडकीशी बसलेल्याला मेल फक्त तिच्या स्वतःच्या लांबीइतकी सरकताना दिसते: 550 भागिले 10, म्हणजे 55 सेकंद. मेलच्या खिडकीतल्या प्रवाशाला लोकल 26 सेकंदांत मागे पडलेली दिसते. गणितात ‘गाडीला ओलांडते’ आणि ‘गाडीतल्या माणसाला ओलांडते’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. माणसाची लांबी शून्य धरायची, गाडीची नाही.

खिडकीतल्या या 55 सेकंदांचा उलटा उपयोगही होतो. इंजिनाचं नाक खिडकीसमोर आल्यावर मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू करा, शेवटचा डबा गेल्यावर थांबवा आणि डबे मोजा. मेलची लांबी भागिले सेकंद हा वेगांमधला फरक. त्यात जीपीएसने दाखवलेला आपल्या लोकलचा वेग मिळवला की मेलचा वेग हाती येतो. दाबण्यात एका सेकंदाची चूक झाली, तरी 55 सेकंदांत ती दोन टक्क्यांच्या आतच राहते. डबा मोजायचा राहिला तर चूक चार टक्क्यांच्या वर जाते, त्यामुळे घड्याळापेक्षा मोजणीकडे लक्ष जास्त हवं. दोन मार्गांच्या मधल्या रुळावरून उलट दिशेची लोकल आली, तर काही डबे झाकले जातात. ती मोजणी सोडून द्यावी.

खरी अडचण वेगळीच आहे. दोन्ही वेग कायम आहेत हे आपण गृहीत धरलं. त्यासाठी लोकलला न थांबता 1215 मीटर एकाच वेगाने धावावं लागेल. दादर ते माटुंगा अंतर साधारण एक किलोमीटर, त्यात सुटताना वेग घ्यायचा आणि पुढे ब्रेकही लावायचा. तिथे 81 सेकंदांचं उत्तर लागूच पडत नाही.

समजा, लोकल फलाटावर उभी आहे आणि मेलचं नाक तिच्या मागच्या टोकाशी येताच ती सुटते. तिचा वेग दर सेकंदाला अर्ध्या मीटरने वाढतो, म्हणजे 15 मीटरचा वेग गाठायला 30 सेकंद. या काळात सापेक्ष वेग 25 वरून एकसारखा 10 वर उतरतो, म्हणून सरासरी 17.5 धरायची. 30 सेकंदांत 525 मीटर झाले. उरलेले 285 मीटर सेकंदाला 10 मीटरने 28.5 सेकंदांत. एकूण 58.5 सेकंद. सुरुवातीला मेल झपाट्याने पुढे जाते आणि मग मंदावल्यासारखी दिसते. मेलचा वेग मात्र तसूभरही बदललेला नसतो. लोकल ब्रेक लावते तेव्हा याच्या उलट होतं, मेलने अचानक वेग घेतल्यासारखा वाटतो.

आता मोटरमनला लांबचा, मोकळा टप्पा मिळाला आणि त्याने त्याच दराने वेग वाढवत मेलइतकाच, 25 मीटरचा वेग गाठला असं धरा. (प्रत्यक्षात वेग वाढेल तसा वाढण्याचा दर कमी होत जातो, त्यामुळे वेळ जास्त लागेल.) त्याला 50 सेकंद लागतील आणि सापेक्ष वेग 25 वरून शून्यावर येईल. सरासरी 12.5, म्हणजे मेल लोकलच्या तुलनेत 625 मीटर पुढे सरकली. हवे होते 810. मेलचे शेवटचे 185 मीटर, सात-आठ डबे, लोकलच्या बरोबरीने धावत राहतील. जोवर दोघींपैकी एकीचा वेग बदलत नाही, तोवर हे ओलांडणं पूर्णच होणार नाही. इथे 810 ला शून्याने भागायला गेलात तर कॅल्क्युलेटर चूक दाखवेल, आणि ते बरोबरच आहे.