राउटरची वाहतूक-आकडेवारी (उपकरणनिहाय)

सामाईक इंटरनेट जोडणीचा मोठा वाटा कोणते उपकरण वापरते, हे राउटरने ठेवलेल्या बाइटांच्या मोजणीवरून ओळखण्याची पद्धत. घरगुती बोलीत ‘नेट कोण खातंय ते बघणे’.

उगमाविषयी दोन मते आहेत. काही जण ती १९९१ च्या आरएफसी १२१३ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजापर्यंत नेतात. त्यात पोर्टमधून आत आलेले व बाहेर गेलेले बाइट मोजणारे ifInOctets व ifOutOctets हे मोजक दिलेले आहेत. पण हे मोजक संपूर्ण पोर्टची बेरीज देतात, त्यामागचे यंत्र सांगत नाहीत. त्यामुळे १९९६ च्या सुमारास सिस्कोने आणलेल्या नेटफ्लोपासून, म्हणजे पत्त्यानिहाय नोंदींपासून, सुरुवात मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

इंदूरच्या रामबागेतील एका वाड्यात मालक व भाडेकरू एकच जोडणी वापरतात असे समजू. डाउनलोड १०० मेगाबिट, अपलोड २०. रोज रात्री व्हिडिओ कॉल तुटतो. राउटरच्या तक्त्यात टीव्ही ३८ जीबी घेऊन पहिला, म्हणून ठपका त्याच्यावर येतो. मात्र हा आकडा राउटर शेवटचा सुरू झाल्यापासूनचा असतो. त्यावरून आत्ताचा वापर कळत नाही. कॉल तुटत असतानाच दहा मिनिटांच्या अंतराने दोन नोंदी घेऊन वजाबाकी करावी. टीव्हीची वाढ ०.३८ जीबी, म्हणजे सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट. एका मोबाइलच्या ‘Received’ रकान्यात मात्र १.४ जीबी वाढ, म्हणजे जवळजवळ १९ मेगाबिट. हा रकाना येथे राउटरच्या बाजूने लिहिलेला आहे: उपकरणाकडून आलेले, अर्थात अपलोड. फोटोंचा बॅकअप चालू होता आणि अपलोडची वाट भरली होती. कॉलचा आवाज त्याच रांगेत अडकला. डाउनलोडच्या पोचपावत्याही तिथेच खोळंबल्याने सगळ्यांचेच नेट मंद वाटले. काही राउटर हेच रकाने उलट अर्थाने दाखवतात, तेव्हा एखादी मोठी फाइल स्वतः अपलोड करून कोणता आकडा चढतो ते आधी पाहावे.

दुसरी नोंद पहिलीपेक्षा लहान आल्यास राउटर बंद पडून सुरू झाला असेल, किंवा मोजक ३२ बिटांचा असेल. असा मोजक ४,२९,४९,६७,२९६ बाइटांनंतर पुन्हा शून्यावर येतो. १०० मेगाबिट वेगाने ही वेळ पावणेसहा मिनिटांच्या आत येते, म्हणून नोंदींमधील अंतर कमी ठेवावे. उपकरणांची बेरीज बाहेरच्या पोर्टच्या आकड्यापेक्षा बरीच कमी भरली, तर हार्डवेअर प्रवेगक चालू असण्याचा संभव असतो. त्यात पाकिटे प्रोसेसरला वळसा घालून जातात व मोजणीतून सुटतात. तेवढ्यापुरता तो बंद करावा लागतो.

तक्त्यात बिननावाचे यंत्र दिसल्यास मॅक पत्ता, म्हणजे यंत्राचा नेटवर्कमधील ओळख-क्रमांक, जुळवतात. पत्त्याचे दुसरे अक्षर 2, 6, A किंवा E असल्यास तो बहुधा फोनने स्वतः तयार केलेला असतो, आणि त्यावरून कंपनी शोधणे व्यर्थ. तो पत्ता त्या-त्या फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्येच पाहावा. भाडेकरूने आपला दुसरा राउटर जोडला असल्यास त्यामागची सर्व यंत्रे येथे एकच ओळ म्हणून दिसतात; पुढची मोजणी त्याच्या राउटरवर करावी लागते.