वाळवीचं वारूळ, मोल-रॅटचं बीळ: सारखं कुठे, वेगळं कुठे

जमिनीखाली राहणाऱ्या, उंदरासारख्या कुरतडणाऱ्या नेकेड मोल-रॅटबद्दल कुठेही वाचायला घ्या, 'किड्यांसारखा राहणारा सस्तन प्राणी' हे शब्द पहिल्या दोन-चार ओळींत भेटतातच. ते खोटं नाही. पण कुठल्या किड्यासारखा, हे फार कमी जण सांगतात, आणि 'राणी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मधमाशीच येते. तिथेच घोळ होतो. मधमाश्यांच्या पोळ्यात कामकरी सगळ्या माद्या. नर फक्त राणीशी मीलनापुरते. मोल-रॅटच्या बिळात नर आणि माद्या दोघंही खणतात, पिल्लं सांभाळतात, पहारा देतात. अशी रीत वाळवीची. म्हणून हा प्राणी समजून घ्यायचा तर पोळं बाजूला ठेवून वारूळ समोर ठेवावं.

शास्त्रज्ञ या प्राण्यापर्यंत पोचले तेही वाळवीच्याच वाटेने. १९७०च्या दशकाच्या मध्यावर रिचर्ड अलेक्झांडर नावाचे अमेरिकन जीवशास्त्रज्ञ व्याख्यानांतून एक कोडं मांडत असत. वाळवीसारखी, एका राणीची वसाहत करणारा सस्तन प्राणी असलाच तर तो कसा असेल? त्यांनी तर्क केला: कुरतडणारा असेल, उष्ण प्रदेशात घट्ट मातीखाली राहत असेल, मोठमोठ्या कंदांवर जगत असेल. एका व्याख्यानानंतर श्रोत्यांतले प्राणिशास्त्रज्ञ टेरी वॉन म्हणाले की हे वर्णन तंतोतंत नेकेड मोल-रॅटचं आहे. केपटाऊनला जेनिफर जार्विस हे प्राणी पाळून त्यांचा अभ्यास करतच होत्या. १९८१ साली त्यांचा लेख आला आणि तर्क खरा ठरला.

हा प्राणी केनिया, इथिओपिया आणि सोमालियाच्या कोरड्या रानांत राहतो. बोटाएवढा लांब, सुरकुतलेला, गुलाबी-करडा, अंगावर तुरळक मिशांसारखे केस. पुढचे दात ओठांच्या बाहेर. ओठ दातांच्या मागे मिटतात, त्यामुळे दातांनी माती खणली तरी तोंडात माती जात नाही. एका वसाहतीत साधारण ७० ते ८० जण, क्वचित ३००च्या आसपास. त्यांचे बोगदे मिळून काही किलोमीटर भरतात. खणताना रांग लागते. सगळ्यात पुढचा दातांनी माती फोडतो, त्याच्या मागचे ती पायांनी मागे ढकलत उलटे सरकतात आणि माती टाकून आलेले त्यांच्या पाठीवरून चढून पुन्हा पुढे जातात. शेवटचा, बहुधा अंगाने मोठा, तोंडाशी उभा राहून मागच्या पायांनी माती बाहेर उडवतो. लांबून पाहिलं तर जमिनीतून चिमुकला ज्वालामुखी उसळल्यासारखा दिसतो. साप येतो तो याच क्षणी. (आपल्याकडे वारुळाला नागाचं घर मानून नागपंचमीला पूजा होते. नाग तिथे पाहुणा. बांधकाम सगळं वाळवीचं.)

इथवर साम्य पक्कं आहे. अन्नातही आहे. वाळवी लाकूड पोखरते, आणि ते पचवायला लागणारे पोटातले जंतू तिच्या अनेक जातींत एकीकडून दुसरीकडे गुदद्वारातल्या स्रावातून जातात. मोल-रॅटही एकमेकांची विष्ठा खातात. जपानी संशोधकांनी २०१८ साली दाखवलं की गरोदर राणीची विष्ठा खाल्ली की तिच्यातलं इस्ट्रोजेन कामकऱ्यांच्या अंगात जातं आणि स्वतः कधी न व्यालेल्या माद्या पिल्लांच्या हाकेला धावतात. कंदाच्या बाबतीत मात्र मोल-रॅट वाळवीपेक्षा हिशेबी म्हणायला हवेत. मोठा कंद सापडला की ते आतला गर पोखरतात, साल शाबूत ठेवतात आणि भोक मातीने बुजवतात. कंद पुन्हा भरतो. एक कंद वसाहतीला महिनोन्महिने पुरतो.

फरक सुरू होतो तो राणीपाशी. आपल्याकडची वारूळवाली वाळवी, ओडोन्टोटर्मिस, घ्या. तिच्यात कोण कामकरी आणि कोण सैनिक हे वाढतानाच शरीरात ठरतं. सैनिकाचा जबडा इतका बदललेला असतो की त्याला स्वतःचं खाणंही नीट जमत नाही. दुसऱ्याने भरवावं लागतं. असा सैनिक पुढे राजा-राणी होणं अशक्यच. राणीचं पोट अंड्यांनी इतकं फुगतं की ती धड चालू शकत नाही. तिच्या शेजारी तिचा राजा कायम असतो, हेही मधमाशीत नाही.

मोल-रॅटची राणी अगदी वेगळी. ती चालते, फिरते, आणि कामकऱ्यांना नाकाने ढकलून, दटावून धाकात ठेवते. बाकीच्या माद्यांचं शरीर पिल्लं घालण्याच्या बाबतीत थांबलेलं असतं, मोडलेलं नाही. राणी मेली की वरच्या फळीतल्या माद्या एकमेकींवर तुटून पडतात. ही भांडणं आठवडेच्या आठवडे चालतात आणि त्यात मरणही येतं. जिंकणारी मादी मग राणी बनते, आणि पूर्ण वाढ झालेल्या त्या मादीच्या कमरेचे मणके त्यानंतर लांब होऊ लागतात, म्हणजे पोटात पिल्लांना जागा होते. एका वेळी दहा-बारा पिल्लं, क्वचित २५हून अधिक. थोडक्यात, वाळवीत पद शरीराने ठरतं. मोल-रॅटमध्ये पद मिळाल्यावर शरीर बदलतं. माझ्या मते दोघांतला हा सगळ्यात मोठा फरक आहे, आणि 'किड्यांसारखा' या एका शब्दाखाली नेमका हाच दबतो.

नवं घर मांडण्याची पद्धतही निराळी. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती जमणारी पंखवाली वाळवी म्हणजे नव्या राण्या आणि राजे. मोल-रॅटला पंख कुठले फुटायला! त्यांच्यात कधीमधी एखादा लठ्ठ, कामचुकार पोरगा निघतो. तो वसाहतीच्या कामाला हात लावत नाही, आपल्या राणीतही त्याला रस नसतो, आणि संधी मिळताच तो परक्या वसाहतीच्या शोधात बाहेर पडतो.

आता हवेचा प्रश्न. दोघंही जमिनीखाली, दोघांच्याही घरात गर्दी. गर्दी श्वास घेते, ऑक्सिजन घटतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो. वाळवीने त्यावर घर सुधारलं. बंगळुरूतल्या ओडोन्टोटर्मिसच्या वारुळांचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. वारुळाच्या बाहेरच्या अंगाचे पातळ, उभे कंगोरे दिवसा लवकर तापतात, त्यांतली हवा वर चढते आणि मधल्या पोकळीतून खाली उतरते. रात्री कंगोरे आधी थंड होतात आणि प्रवाह उलटतो. त्यासाठी वारुळाला मोठं भोकही लागत नाही. मातीची भिंत सच्छिद्र असते, तिच्यातून वायू बाहेर जातो. दिवसा साचलेला कार्बन डायऑक्साइड रात्री निघून जातो.

मोल-रॅटच्या बिळात अशी काही योजना नाही. माती बाहेर टाकून झाली की ते तोंड बुजवून टाकतात. घर जसं आहे तसंच राहिलं, बदललं शरीर. थॉमस पार्क, गॅरी लेविन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली त्याचा कस पाहिला. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो. तो ५ टक्क्यांवर आणला तर उंदीर पंधरा मिनिटांच्या आत मरतो. मोल-रॅट पाच तास तगले. मग ऑक्सिजन शून्य केला. मोल-रॅट बेशुद्ध झाले, मिनिटाला २०० पडणारे हृदयाचे ठोके ५०पर्यंत उतरले, श्वास थांबला. १८ मिनिटांनी साधी हवा दिली, तेव्हा ते उठून हिंडू लागले.

कसं? पेशी ग्लुकोजपासून ऊर्जा काढते, पण त्या रस्त्यावर एक टोलनाका आहे. ऑक्सिजन संपला, पेशीत आम्ल साठलं, की नाका बंद होतो आणि मेंदू उपाशी पडतो. फ्रुक्टोज, म्हणजे फळांतली साखर, या नाक्याच्या पुढे रस्त्याला मिळते. ती पेशीत घेणारं प्रथिन आणि फोडणारं विकर आपल्याकडे मुख्यतः आतडं, यकृत, मूत्रपिंडात असतं. मोल-रॅटच्या मेंदूत आणि हृदयातही दोन्ही भरपूर आहेत, आणि ऑक्सिजन तुटला की त्याच्या रक्तात फ्रुक्टोज वाढतं. ऊर्जा अगदी थोडी मिळते, पण निपचित पडलेल्या शरीराला तेवढी पुरते. हा तात्पुरता आधार आहे. यावर कायमचं जगता येत नाही.

आम्लाची चुरचुर आणि मिरचीची आग मोल-रॅटला जाणवत नाही. वेदनेचं हे कोडंही याच गर्दीशी जुळतं. सोड्याचा बुडबुडा नाकात गेला की झिणझिण्या येतात, कारण कार्बन डायऑक्साइड ओल्या त्वचेत विरघळून आम्ल बनतो. कोंदट बिळात डोळे आणि नाक सतत असेच चुरचुरायला हवेत. मोल-रॅटला ते जाणवत नाही. त्याच्या वेदना-नसांत संदेश पुढे नेणारी जी सोडियमची वाट असते, ती आम्ल लागताच जवळजवळ बंद पडते. नस ओरडायच्या ऐवजी गप्प होते.

मिरचीचं कारण मात्र वेगळं, आणि लोक नेमके इथे गोंधळतात. मिरच्या चिरल्यावर हात भगभगतात ते कॅप्सेसिनमुळे. मोल-रॅटच्या पायात कॅप्सेसिन टोचलं तर नस चेतते, पण मज्जारज्जूत निरोप पुढे पोचत नाही. कातडीच्या या नसांत 'सबस्टन्स पी' नावाचं निरोप्या-रसायन नाही. २००८ साली संशोधकांनी जनुक-उपचाराने एका पायाच्या नसांत ते परत आणलं. मग तो पाय कॅप्सेसिनला उचलला जाऊ लागला. आम्लाला मात्र तोच पाय पूर्वीइतकाच बेफिकीर राहिला. दोन वेदना, दोन वेगळ्या जागी तुटलेले दुवे.

म्हणून 'याला वेदनाच होत नाही' हे विधान चुकीचं आहे. चिमटा काढला, तापलेल्या पृष्ठभागावर ठेवलं, तर तो इतर उंदरांसारखाच पाय मागे घेतो. त्याच्यात नसतो तो उरणारा ठणका: भाजल्यावर कोमट पाणीही लागावं तसा. कोंदट घरात आम्लाची चुरचुर काही कामाची नाही, सापाचा दात मात्र कळायलाच हवा.

एक अडचण इथे नोंदवायला हवी. रानातल्या बोगद्यांत हवा मोजली तेव्हा ती फारशी कोंदट आढळली नाही. त्यामुळे अभ्यासक बोट दाखवतात ते झोपायच्या कोठीकडे. तिथे अख्खी वसाहत ऊब धरायला एकमेकांवर ढीग करून निजते, आणि ढिगाच्या तळाशी असलेल्याच्या वाट्याला वरच्यांनी सोडलेला श्वास येतो.