सेल-टू-पॅक आणि संरचनात्मक बॅटरी

विजेवर चालणाऱ्या गाडीच्या बॅटरीत सेल आधी मॉड्यूलच्या डब्यांत न भरता थेट पॅकमध्ये बसवण्याच्या पद्धतीला सेल-टू-पॅक म्हणतात. त्याही पुढे जाऊन तोच पॅक गाडीच्या सांगाड्याचा भार वाहणारा भाग केला, की ती संरचनात्मक बॅटरी झाली. दोन्हींचा हेतू एकच आहे. तेवढ्याच जागेत आणि तेवढ्याच वजनात जास्त ऊर्जा मावावी. त्याची किंमत मात्र दुरुस्तीच्या वेळी मोजावी लागते.

आधीची रचना तीन पायऱ्यांची होती. काही सेल एकत्र बांधून मॉड्यूल करायचे आणि असे अनेक मॉड्यूल एका मोठ्या पेटीत बोल्टने कसायचे. २०१० साली आलेल्या निसान लीफच्या पहिल्या पॅकमध्ये प्रत्येकी चार सेलचे ४८ मॉड्यूल होते, म्हणजे एकूण १९२ सेल. प्रत्येक मॉड्यूलला स्वतःचे पत्र्याचे कवच, स्वतःचे जोड. आजूबाजूला हात आणि पाना जाईल एवढी मोकळी जागा. या कवचांत आणि फटींत वीज साठत नाही, पण जागा जाते. अशा पॅकचे निम्म्याहून अधिक आकारमान सेलखेरीज इतर गोष्टींनीच व्यापलेले असे.

चीनच्या सीएटीएल कंपनीने २०१९ मध्ये सेल-टू-पॅक रचना जाहीर केली आणि मार्च २०२० मध्ये बीवायडी या दुसऱ्या चिनी कंपनीची ब्लेड बॅटरी आली. ब्लेड बॅटरीवरून ही कल्पना सर्वांत स्वच्छ समजते. तिचा सुरुवातीचा सेल ९६० मिलिमीटर लांब, ९० मिलिमीटर उंच आणि फक्त साडेतेरा मिलिमीटर जाड होता. फळीवर वह्या उभ्या लावाव्यात तसे हे सेल कडेवर उभे करून एकमेकांना खेटून चिकटवतात. लांबच लांब ॲल्युमिनियमचे कवच असल्यामुळे प्रत्येक सेल स्वतःच तुळईसारखा ताठ असतो. मॉड्यूलचे कवच जो आधार द्यायचे तो आता सेलच देतात.

हिशेब करून पाहू. या सेलची क्षमता १३८ अँपिअर-तास आणि व्होल्टेज ३.२ असे धरले तर त्यात सुमारे ४४० वॅट-तास ऊर्जा मावते. लांबी, उंची आणि जाडी यांचा गुणाकार केला की आकारमान १.१७ लिटर निघते, म्हणजे लिटरमागे साधारण ३८० वॅट-तास. पॅकच्या आकारमानाचा ४० टक्के भाग सेलनी व्यापला तर पॅकच्या पातळीवर लिटरमागे १५० उरतात. ६० टक्के व्यापला तर २२५ च्या पुढे जातात. सेलच्या आतले रसायन तसूभरही बदललेले नाही. वाढ आली ती केवळ मोकळी जागा भरून काढल्यामुळे.

ब्लेड बॅटरीतले लिथियम आयर्न फॉस्फेट हे स्वस्त, पण ऊर्जाघनतेत मागे पडलेले रसायन मोठ्या गाड्यांत पुन्हा आले, त्यात या बचतीचा वाटा मोठा आहे. दोन्ही बाजू एकमेकींना पूरक ठरल्या. या रसायनाला जागेची बचत हवी होती, आणि निकेलवर आधारलेल्या सेलपेक्षा ते तापमान जास्त सोसत असल्यामुळे मॉड्यूलच्या भिंती काढण्याचा धोका त्यात कमी होता. या भिंती आधारासोबत एका सेलची आग शेजारी पसरण्यापासून रोखण्याचे कामही करत असत. म्हणूनच निकेलच्या सेलसाठी अशी रचना करताना सेलांच्या मध्ये उष्णतारोधक थर आणि थंडाव्याच्या वाहिन्या नेमक्या बसवाव्या लागतात.

संरचनात्मक बॅटरीत पुढची पायरी येते. बीवायडीने २०२२ मध्ये सील या गाडीत पॅकचे वरचे झाकण हाच गाडीच्या तळाचा पत्रा केला. झाकण, मधले सेल आणि खालचा ट्रे मिळून पुठ्ठ्याच्या खोक्याच्या पन्हळी थरासारखे ताठ होतात. टेस्लाने त्याच वर्षी टेक्सासमध्ये बनवलेल्या मॉडेल वायमध्ये ८२८ मोठे दंडगोल सेल वापरले. त्यांच्यामधल्या फटी गुलाबी पॉलियुरेथेन फोमने भरलेल्या आहेत. तो फोम वाळला की दगडासारखा होतो. पुढच्या सीट थेट पॅकवर बोल्टने बसतात, त्यामुळे पॅक खाली उतरवला की सीटही त्याच्यासोबत खाली येतात.

आता दुरुस्ती. बीवायडीच्या ॲट्टो ३ या गाडीच्या ६०.४८ किलोवॅट-तासांच्या पॅकचे उदाहरण घेऊ. त्यात १५० अँपिअर-तासांचे १२६ सेल एकामागोमाग, म्हणजे सीरिजमध्ये, जोडलेले आहेत. समजा त्यांतल्या एकाच सेलची क्षमता १२० वर आली. साखळीतून सारखाच प्रवाह वाहतो, त्यामुळे तो सेल रिकामा झाला की उरलेल्या १२५ सेलांत वीज असूनही गाडीला थांबावे लागते. पॅक ४८ किलोवॅट-तासांच्या आसपासच वीज देतो. एका सेलमध्ये ०.१ किलोवॅट-तासाचीही तूट नाही, पण गाडी बारा किलोवॅट-तास गमावते.

असा सेल ओळखताना एक पेच असतो. आयर्न फॉस्फेट सेलचे व्होल्टेज मधल्या बहुतेक पट्ट्यात जवळजवळ सपाट राहते, त्यामुळे निम्म्या चार्जवर सगळे सेल सारखेच दिसतात. स्कॅनरवर सेलांच्या व्होल्टेजमधला फरक चार्ज संपत आल्यावर किंवा शंभर टक्क्यांजवळ पाहिला तरच दुबळा सेल वेगळा पडतो. जुनी गाडी घेताना अर्ध्या चार्जवरचा रिपोर्ट पाहून समाधान मानू नये, ते याच कारणाने.

लीफमध्ये असा दोष सापडला की पॅक उघडून तो मॉड्यूल काढतात आणि जुन्या गाडीतून आलेला, साधारण तेवढाच झिजलेला दुसरा बसवतात. प्रत्येक मॉड्यूलचे व्होल्टेज दहाच्याही आत असल्यामुळे सुटा मॉड्यूल हाताळायलाही सोपा. ब्लेड पॅकमध्ये सेल शेजाऱ्यांना, ट्रेला आणि थंडाव्याच्या प्लेटला चिकटवलेले असतात आणि त्यांना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे बसबार, वेल्ड केलेल्या असतात. एक सेल सोडवायचा म्हणजे ॲढेसिव्ह कापायचे, वेल्ड तोडायचे, आणि हे सगळे चारशे व्होल्टच्या साखळीजवळ करायचे. कापताना पाते शेजारच्या सेलच्या पातळ कवचात घुसले तर चांगला सेलही गेला. फोममध्ये गाडलेला दंडगोल सेल शाबूत बाहेर काढणे वर्कशॉपमध्ये व्यवहारात शक्यच होत नाही. म्हणून अशा ठिकाणी अख्खा पॅक बदलणे हीच दुरुस्ती ठरते.

सगळेच दोष इतके खोल नसतात, हेही नोंदवायला हवे. पॅकचा प्रवाह जोडणारा-तोडणारा काँटॅक्टर, फ्यूज आणि नियंत्रक बोर्ड हे भाग बिघडतात, आणि ते सेलांपासून वेगळ्या कप्प्यात ठेवले तर सेलांना हात न लावता बदलता येतात. टेस्लाच्या पॅकमध्ये हा कप्पा मागच्या सीटखाली असतो. जोड कमी झाल्यामुळे सैल बोल्ट आणि गरम होणारे टर्मिनल यांचे दोषही घटतात. खरी अडचण अपघातात येते. दगडावर आपटून ट्रे चेपला, तर जुन्या रचनेत तो पेटीचा दोष असे. संरचनात्मक पॅकमध्ये तीच जागा सांगाड्याचीही असते. कूलंट गळते आहे का, इन्सुलेशनचा रोध कमी झाला आहे का, हे तपासता येते. आतल्या सेलला बाक आला आहे का, हे झाकण न उघडता सहज कळत नाही, आणि झाकण चिकटवलेले असते. विमा सर्व्हेअर अशा वेळी पॅक बदलण्याकडे झुकतो, आणि जुन्या गाडीत तेवढ्या खर्चापेक्षा गाडी भंगारात काढणे स्वस्त पडू शकते.

महाराष्ट्राचा याच्याशी थेट संबंध आहे. महिंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेल्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या चाकणमध्ये बनणाऱ्या गाड्यांत ५९ आणि ७९ किलोवॅट-तासांचे आयर्न फॉस्फेट पॅक आहेत आणि त्यांत बीवायडीचे ब्लेड सेल वापरले आहेत.

मॉड्यूल नसले तरी दुरुस्तीयोग्य पॅक अशक्य नाही. झाकण चिकटवण्याऐवजी बोल्ट आणि रबरी सीलने बसवणे, सेल दोन-तीन वेगळ्या करता येतील अशा गटांत ठेवणे, तापवल्यावर सुटणारे ॲढेसिव्ह वापरणे हे मार्ग आहेत. प्रत्येकात थोडी जागा किंवा थोडा ताठपणा सोडावा लागतो. हा सौदा सध्या उत्पादकच ठरवतात. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमात विजेच्या सायकली आणि छोट्या स्कूटर यांच्या बॅटरीतले सुटे सेलही स्वतंत्र कारागिराला बदलता आले पाहिजेत अशी अट फेब्रुवारी २०२७ पासून लागू होते. मोटारींच्या बॅटरी त्या अटीत नाहीत.