ड्रेकच्या मृत्यूचे वर्ष कोणते?

सर फ्रान्सिस ड्रेक हा इंग्रज दर्यावर्दी २८ ऑगस्ट १५९५ रोजी प्लिमथ बंदरातून आपल्या अखेरच्या सफरीवर निघाला आणि त्या काळच्या इंग्रजी रिवाजानुसार २८ जानेवारी १५९५ रोजी, पनामाच्या किनाऱ्यावरील पोर्तोबेलोजवळ, जहाजावरच रक्ती आवेने मरण पावला. या दोन्ही तारखा आपापल्या जागी बरोबर आहेत. तरीही त्या शेजारी ठेवल्या की प्रवासी निघण्याच्या सात महिने आधीच मेल्यासारखा दिसतो. युरोपीय संशोधकांच्या तारखांमध्ये अशी कोडी वारंवार पडतात. ती सोडवताना बहुतेकांचे लक्ष ‘दहा दिवसां’वर असते, पण खरी गफलत होते ती वर्षात.

दहा दिवसांचा भाग सोपा आहे. युरोपात आधीपासून चालत आलेल्या ज्युलियन कालगणनेचे वर्ष सरासरी ३६५.२५ दिवसांचे, तर ऋतुचक्राचे वर्ष सुमारे ३६५.२४२२ दिवसांचे असते. त्यामुळे ज्युलियन कालगणना साधारण १२८ वर्षांत एक दिवस मागे पडते. पोप तेरावा ग्रेगरी याच्या आदेशाने १५८२ मध्ये ही चूक दुरुस्त होऊन आजची ग्रेगोरियन कालगणना सुरू झाली आणि स्पेनमध्ये ४ ऑक्टोबर, गुरुवार, याच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर, शुक्रवार उजाडला. प्रोटेस्टंट इंग्लंडने मात्र ही सुधारणा १७५२ पर्यंत स्वीकारली नाही. म्हणून ड्रेक आणि त्याचे स्पॅनिश शत्रू एकाच किनाऱ्यावर, एकाच सकाळी, दहा दिवसांच्या अंतराने तारखा लिहीत होते. हे अंतर १७०० च्या फेब्रुवारीअखेर अकरा दिवसांचे झाले, कारण ज्युलियन गणनेत ते लीप वर्ष होते आणि ग्रेगोरियन गणनेत नव्हते.

वर्षाचा प्रश्न यापासून पूर्णपणे वेगळा आहे आणि त्याचा ज्युलियन-ग्रेगोरियन वादाशी मुळात संबंधच नाही. इंग्लंडमध्ये सरकारी आणि कायदेशीर वर्ष १ जानेवारीला नव्हे, तर २५ मार्चला, म्हणजे ‘लेडी डे’ या मरियमेच्या सणाला बदलत असे. डिसेंबर १५९५ नंतर येणारा जानेवारीही १५९५ चाच असे आणि १५९६ उजाडण्यासाठी २५ मार्चची वाट पाहावी लागे. मराठी वाचकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. शकाचा इसवी सन काढताना आपण पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९ मिळवतो, तेही याच कारणासाठी. शकाचे वर्ष तेच राहते, पण मध्येच इसवी सन बदलून जातो. इंग्रजी कागदातही नेमके हेच घडते, मात्र तिथे दोन्ही वर्षांना ‘इसवी सन’ हेच नाव असल्याने बदल डोळ्यांना दिसत नाही.

आता ड्रेकच्या याच सफरीतल्या तीन तारखा घेऊ, कारण तिन्ही तीन वेगळ्या जातींच्या आहेत. त्याचा जोडीदार जॉन हॉकिन्स पोर्तो रिकोजवळ १२ नोव्हेंबर १५९५ रोजी वारला. ही तारीख २५ मार्चनंतरची आहे, म्हणून वर्षाला हात लावायचा नाही. दहा दिवस मिळवले की २२ नोव्हेंबर १५९५ ही ग्रेगोरियन तारीख मिळते. त्यानंतर ताफा २७ डिसेंबर १५९५ रोजी नोम्ब्रे दे दिओस या बंदरावर पोहोचला. इथेही इंग्रजी वर्ष आपल्या अर्थाने बरोबरच आहे. दहा दिवस मिळवल्यावर मात्र तारीख ६ जानेवारी १५९६ वर जाते. वर्ष बदलले खरे, पण ते दहा दिवसांनी डिसेंबरची वेस ओलांडल्यामुळे. तिसरी तारीख मृत्यूची. इथे ‘१५९५’ हे २५ मार्चपासून मोजलेले वर्ष असल्याने ते आधी १५९६ करायचे आणि मग दहा दिवस मिळवायचे. उत्तर येते ७ फेब्रुवारी १५९६. इथेही वर्ष बदलले, पण या वेळी कारण वर्षारंभाचे आहे.

या उदाहरणांतून एक गोष्ट निघते आणि माझ्या मते सगळ्या रूपांतराचे मर्म तीच आहे. या काळातल्या इंग्रजी तारखेचे वर्ष फार तर एकदाच वाढू शकते. १ जानेवारी ते २४ मार्च या टप्प्यात ते वर्षारंभामुळे वाढते. २२ ते ३१ डिसेंबर या टप्प्यात ते दहा दिवसांमुळे वाढते. उरलेल्या काळात ते वाढतच नाही. हे दोन टप्पे एकमेकांवर कधीच येत नाहीत, म्हणून हिशेबात वर्ष दोनदा वाढले तर तो हिशेब चुकलाच असे समजावे.

दोनदा वाढण्याची वेळ येते तरी कशी? आधुनिक चरित्रकार बहुधा ड्रेकचा मृत्यू ‘२८ जानेवारी १५९६’ असा देतात. ही तारीख अर्धी बदललेली असते. वर्ष आपल्या पद्धतीचे केले, दिवस मात्र ज्युलियनच ठेवला. वाचकाच्या सोयीसाठी रूढ झालेली ही पद्धत वाईट नाही, पण ती पाळल्याचे प्रत्येक पानावर सांगितलेले नसते. नुकताच नियम शिकलेला उत्साही माणूस हे वाचतो, जानेवारीची इंग्रजी तारीख म्हणून एक वर्ष वाढवतो आणि ड्रेकला १५९७ पर्यंत जगवतो. म्हणून वर्षाला हात लावण्यापूर्वी समोरचा आकडा मूळ कागदाचा आहे की नंतरच्या संपादकाचा, हे ठरवले पाहिजे. कागदावरच ‘१५९५/९६’ असे जोडवर्ष असेल तर प्रश्नच उरत नाही. नसेल तर राणीचे राज्यवर्ष उपयोगी पडते. पहिल्या एलिझाबेथचे राज्यवर्ष १७ नोव्हेंबरला बदले आणि पहिले वर्ष १५५८ मध्ये सुरू झाले. त्यामुळे ‘३८ व्या राज्यवर्षातला जानेवारी’ हा १५९६ चाच असू शकतो, मग लेखकाने वर्ष काहीही लिहिलेले असो. ही खबरदारी आवश्यक आहे, कारण इंग्लंडमध्येही १ जानेवारीला लोक नववर्षदिन म्हणत आणि काही जण तेव्हापासूनच नवा आकडा लिहीत.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी वर्ष, मग दिवस. १८ मार्च १५९५ अशी इंग्रजी तारीख घेऊन कोणी आधी दहा दिवस मिळवले, तर २८ मार्च १५९५ येते, आणि २५ मार्च उलटल्याचे पाहून तो वर्ष तसेच ठेवतो. बरोबर उत्तर आहे २८ मार्च १५९६. फेब्रुवारीतला पेच याहून सुंदर आहे. १५९६ हे लीप वर्ष होते, पण इंग्रजी रिवाजात त्याचा फेब्रुवारी १५९५ मध्ये पडतो. परिणामी इंग्रजी कागदावर ‘२९ फेब्रुवारी १५९५’ ही तारीख पूर्ण वैध ठरते, जरी १५९५ ला चारने भाग जात नसला तरी. संगणकाला ती दिली तर तो अशी तारीखच नसल्याचे सांगेल, आणि घाईतला संपादक ती लेखनिकाची चूक समजून २८ करून टाकेल. वास्तविक असा ‘अशक्य’ २९ फेब्रुवारी हा तो लेखक २५ मार्चपासून वर्ष मोजत होता याचा उत्तम पुरावा आहे.

उत्तर तपासण्याचे सर्वांत विश्वासू साधन म्हणजे वार. पोपने तारखा गाळल्या, वारांची साखळी मात्र तोडली नाही. ४ ऑक्टोबर १५८२ या ज्युलियन गुरुवारापासून ४ ऑक्टोबर १५९५ पर्यंत १३ वर्षे आणि ३ लीप दिवस, म्हणजे ४,७४८ दिवस होतात. तिथून २८ जानेवारी १५९६ पर्यंत आणखी ११६. एकूण ४,८६४ दिवस, म्हणजे ६९४ आठवडे आणि ६ दिवस. गुरुवारच्या पुढे सहा दिवस मोजले की बुधवार येतो. आता दुसऱ्या बाजूने पाहू. १५ ऑक्टोबर १५८२ या ग्रेगोरियन शुक्रवारापासून ७ फेब्रुवारी १५९६ पर्यंत ४,८६३ दिवस, म्हणजे ६९४ आठवडे आणि ५ दिवस होतात, आणि पुन्हा बुधवारच मिळतो. दोन वाटा एकाच वाराला मिळाल्या, तेव्हा रूपांतर जुळले. वर्ष चुकून ज्युलियन १५९५ च ठेवले असते तर मंगळवार आला असता. मूळ नोंदीत वार दिलेला असेल तर वर्षाची चूक अशी तिथल्या तिथे पकडता येते. संगणकाच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. पायथनचे नेहमीचे तारखांचे साधन १५८२ पूर्वीच्या काळासाठीही ग्रेगोरियन नियमच लावते, म्हणून त्याला २८ जानेवारी १५९६ चा वार विचारला तर ते रविवार सांगते.

दोन कालगणना न पाहता एकत्र केल्या की दंतकथाही तयार होतात. ‘गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला’ हे वाक्य पुनर्जन्माच्या थाटात सांगितले जाते. गॅलिलिओ ८ जानेवारी १६४२ रोजी वारला, ही ग्रेगोरियन तारीख आहे. न्यूटनचा २५ डिसेंबर १६४२ हा जन्मदिवस ज्युलियन आहे, आणि तो ग्रेगोरियन गणनेत ४ जानेवारी १६४३ होतो. एकच मोजपट्टी लावली की योगायोग उरत नाही.

वाराच्या कसोटीलाही एक मर्यादा आहे, आणि ती ड्रेकच्याच आधीच्या सफरीत दिसते. पृथ्वीप्रदक्षिणा करून तो २६ सप्टेंबर १५८० रोजी प्लिमथला परतला, तेव्हा घरी राहिलेल्यांच्या हिशेबाने सोमवार होता आणि जहाजावरच्या हिशेबाने रविवार. सूर्याच्या मागे पश्चिमेकडे जात पूर्ण फेरी मारल्याने जहाजाच्या वाट्याला एक सूर्योदय कमी आला होता. अशा नोंदीत वार एका दिवसाने हुकला तर वर्षावर संशय घेण्याआधी जहाज कुठून कुठे चालले होते ते पाहावे. शिवाय ही सफर १५८२ पूर्वीची आहे. तेव्हा ग्रेगोरियन गणना अस्तित्वातच नव्हती, त्यामुळे तिच्या तारखांत दहा दिवस मिळवण्याचे काही कारण नाही. त्याचे ‘गोल्डन हाइंड’ जहाज सेलेबिस बेटाजवळच्या खडकावर चढले ती ९ जानेवारीची तारीख इंग्रजी हिशेबाने १५७९ ची आहे. ती ९ जानेवारी १५८० अशी लिहावी आणि दिवस तसाच ठेवावा.

महाराष्ट्राच्या इतिहासाचे साधन असलेल्या सुरतेच्या इंग्रज वखारीच्या पत्रांनाही हाच नियम लागतो. शिवाजी महाराजांनी सुरतेवर पहिली स्वारी केली ती जानेवारी १६६४ मध्ये, आणि इंग्रजी रिवाजात तो महिना १६६३ चा होता. अशा कागदातून टिपण घेताना मूळ तारीख जशी असेल तशी, म्हणजे ‘२८ जानेवारी १५९५’, आधी उतरून घ्यावी. शेजारी ‘ज्युलियन, वर्षारंभ २५ मार्च’ असे नोंदवावे आणि रूपांतरित ७ फेब्रुवारी १५९६ वेगळ्या रकान्यात लिहावी. एकाच रकान्यात दुरुस्ती केली की पुढचा माणूस तीच दुरुस्ती पुन्हा करतो.