लसणाला कुजका वास येऊ लागतो तेव्हा

सांगलीत राहणाऱ्या माझ्या वहिनींना करोना होऊन गेल्यावर भडंग खाताना तिखट आणि मीठ कळत होते, पण लसूण, शेंगदाणे आणि कढीपत्ता जणू त्यात घातलेच नव्हते. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग घास चावताना घशामागून नाकात चढणाऱ्या वासाचा असतो. जीभ खारट, गोड, आंबट, कडू असे मोजकेच ओळखते आणि मिरचीची आग तर वेगळ्याच मज्जातंतूने कळते. करोनात जिभेची चवही काही जणांची मंदावते; वहिनींची मात्र शाबूत होती.

वास टिपणाऱ्या चेतापेशी नाकाच्या अगदी वरच्या भागातील पातळ अस्तरात असतात. करोनाचा विषाणू मुख्यतः या चेतापेशींवर नव्हे, तर त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर हल्ला करतो. आधारपेशी लवकर भरून निघतात, म्हणून बहुतेकांना दोन-चार आठवड्यांत वास येऊ लागतो. अस्तराची हानी खोल असेल तर मात्र तळच्या मूळपेशींपासून नव्या चेतापेशी घडाव्या लागतात आणि त्यांचे तंतू चाळणीसारख्या हाडातून मेंदूत नेमक्या ठिकाणी पोहोचावे लागतात. माणसात गंधग्राहकांचे सुमारे ४०० प्रकार आहेत, त्यामुळे या कामाला महिने लागतात.

वहिनींना तिसऱ्या महिन्यात वास येऊ लागला, पण तो विचित्र होता. फोडणीत लसूण पडला की कुजल्यासारखा आणि कॉफी उकळली की जळक्या रबरासारखा वास येई. त्यामुळे त्या स्वयंपाकघरात थांबेनात. आजार उलटला असे घरच्यांना वाटले. वस्तुतः गंधग्राहकांचे काही प्रकार परतलेले आणि काही अजून न परतलेले असताना, किंवा नवे तंतू चुकीच्या जागी जोडले गेल्याने, मेंदूला अर्धवट संदेश मिळतो. कांदा, लसूण, कॉफी आणि भाजलेले पदार्थ यांतली गंधकयुक्त रसायने अत्यल्प प्रमाणातही जाणवतात, म्हणून विकृती तेथे आधी दिसते. काहीच वास न येण्यापेक्षा हा टप्पा बहुधा बरा, कारण चेतापेशी पुन्हा काम करू लागल्याची ती खूण असते.

याच काळात गंधसराव उपयोगी पडतो. जर्मनीतील ड्रेस्डेनचे थॉमस हुमेल यांनी २००९ साली मांडलेल्या पद्धतीत गुलाब, लिंबू, निलगिरी आणि लवंग हे चार गंध सकाळ-संध्याकाळ, किमान १२ आठवडे हुंगायचे असतात. वहिनी प्रत्येक डबी सुमारे वीस सेकंद नाकाशी धरून, डोळे मिटून तो वास मनात आठवत असत. सरावाने सर्वांना पूर्ण वास परत मिळतोच असे नाही.

त्या महिन्यांत गॅसची गळती त्यांना कळली नसती, म्हणून रात्री रेग्युलेटर बंद करायचे काम घरातल्या दुसऱ्याकडे होते आणि दूध नासले का, हेही तोच पाहत असे. सातव्या महिन्यात लसूण पुन्हा लसणासारखा वाटू लागला. कॉफी मात्र अजूनही त्यांना जळकीच लागते.